दोरीची माया

मी शिवणकाम करते. सांगलीच्या गावभागात आमचं घर आहे. खाली सासरे, म्हणजे आमचे आण्णा, राहतात. वर एक खोली आणि खोलीपुढं अर्धी पत्र्याची, अर्धी उघडी गच्ची. माझं मशीन पूर्वी खालीच होतं. २०१९च्या महापुरात ते पाण्यात गेलं, तेव्हापासून मशीन, कपाट, कापडाचे गठ्ठे सगळं वरच ठेवतो. हे आधीच सांगितलं, कारण पुढं दोरीवरच्या उड्या मी आण्णांच्या खोलीच्या नेमक्या डोक्यावर मारायला लागले आणि त्याचा मला फायदाच झाला.

वय त्रेचाळीस. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर बसून. मागच्या लग्नसराईत गठ्ठा घेऊन जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागलं, तेव्हा डॉक्टरांकडं गेले. रक्त, बीपी, ईसीजी सगळं झालं. काळजीचं काही निघालं नाही. गुडघेही ठीक होते. "दम लागेल असं काहीतरी आठवड्यातून चार-पाच दिवस करा," एवढंच ते म्हणाले. मी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन यायला लागले, पण जाऊन-येऊन पाऊण तास जायचा आणि सीझनमध्ये तो पाऊण तास म्हणजे दोन ब्लाउज. मग नणंदेचा मुलगा, जो तालमीत जातो, तो म्हणाला, "मामी, दोरी घ्या. पंधरा मिनिटांत काम होतंय."

नऊ फुटांची दोरी घेतली. प्लॅस्टिकची, शिवणकामातल्या जाड पायपिंगएवढी, पोकळ मुठींची. भाच्यानंच ती घ्यायला लावली. माझ्या मनात लहानपणची सुती दोरी होती, पण तिला वजन नसतं. ती हवेत मरते, खाली येईपर्यंत तिचा गोल मोडतो. उलट, आत तार असलेली बारीक दोरी इतकी जोरात फिरते की शिकणाऱ्याच्या पिंढरीवर वळ उठतात, शिवाय खरबरीत फरशीवर घासून तिचं वरचं आवरण जातं. शिकायला मधल्या वजनाची प्लॅस्टिकची बरी. फक्त ती पुडक्यात दुमडून आलेली असते, त्यामुळं जागोजागी कोन पडलेले असतात आणि कोन पडलेली दोरी नीट फिरत नाही. मी ती दुपारभर गच्चीवर उन्हात लोंबत ठेवली, दोन्ही टोकांना कात्री आणि इस्त्रीचं वजन अडकवून. संध्याकाळपर्यंत सरळ झाली.

पहिल्या दिवशी सलग चार उड्याही झाल्या नाहीत. दोरी पायांच्या पुढं हातभर अंतरावर जमिनीवर आपटायची, तिथंच ढिली पडायची आणि मग घसटत पायाशी यायची. ती ताठ राहावी म्हणून मी नकळत दोन्ही हात बाजूला फाकवत होते, वाळत घातलेल्या शर्टासारखे. दहा मिनिटांत खांदे भरून आले, पाय तसेच ताजे. मला वाटलं, मला उडी जमत नाही. भाच्यानं बघितलं आणि म्हणाला, "उडीचं नंतर बघू. दोरी तुमच्या मापाची नाही."

माप म्हटल्यावर मी सरळ टेप काढला. त्यानं सांगितलेली तालमीतली रीत अशी: दोरीच्या बरोबर मध्यावर एक पाय ठेवायचा, दोन्ही टोकं वर ओढून ताठ धरायची आणि ती अंगावर कुठपर्यंत येतात ते बघायचं. काखेपर्यंत आली तर बरोबर. माझी हनुवटीपर्यंत आली.

पण माझा प्रश्न होता, काखेपर्यंत काय यायला हवं? मुठीचं वरचं टोक, की दोरी मुठीत शिरते ती जागा? मूठ सहा इंचांची होती. म्हणजे एका बाजूला सहा, दोन्ही बाजूंना मिळून एक फुटाचा फरक. ब्लाउजच्या मापात एक फूट चुकला तर काय उरेल? भाच्याला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. तो त्याच्या वस्तादांना विचारून आला. शिकणाऱ्यानं दोरी मुठीत शिरते ती जागा काखेशी धरायची. हात बसला, उडी ठरली, की मग हळूहळू कमी करत न्यायची आणि ज्यांचा हात पक्का असतो त्यांच्या मुठीचं टोक काखेशी किंवा त्याच्याही खाली छातीशी येतं. म्हणजे "काखेपर्यंत" ही दोन्ही मापं खरीच आहेत, फक्त ती वेगवेगळ्या माणसांची आहेत. ढोबळ हिशेब असा, की शिकणाऱ्यासाठी उंचीत तीन फूट मिळवायचे, मुठी सोडून. माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणजे ६१ इंच. त्यात ३६ मिळवले की ९७. माझी दोरी होती १०८ इंच. अकरा इंच जादा.

इथं माझा धंदा कामी आला. कापड एकदा कापलं की जोडता येतं, पण जोड दिसतो. दोरी तर जोडताही येत नाही. म्हणून आम्ही आधी कच्ची शिलाई घालतो, अंगावर चढवून बघतो, मग पक्कं करतो. तसंच केलं. पोकळ मुठीचं वरचं टोपण काढलं, दोरी आतून वर ओढली आणि मुठीच्या तोंडाशी गाठ मारली. वर आलेलं शेपूट कापलं नाही, मुठीला दोऱ्यानं गुंडाळून टाकलं. गाठ मारताना एक सांभाळायचं: ती मुठीच्या वर यायला हवी, खाली फिरणाऱ्या भागात नाही. खाली गाठ आली की दोरीचं वजन तिथं साठतं आणि ती दर फेऱ्याला हिसका देते. दोन्ही मुठींत सारखं ओढायचं, म्हणजे मध्य मध्यावर राहतो.

९७ला पहिल्याच दिवशी फरक कळला. दोरी पायांच्या थोडी पुढं, साधारण वीतभरावर जमिनीला टेकायची आणि टेकून लगेच पुढं निघायची. हात आपोआप अंगाजवळ आले. तीन आठवड्यांनी मी लोभानं ती ९०वर नेली, कारण भाच्याची तशी आखूड होती आणि छान सूं सूं करत फिरायची. दर सहाव्या-सातव्या उडीला बोटांत अडकायला लागली. त्याहून वाईट म्हणजे मी तिला जागा करून द्यायला पाठीत वाकायला लागले आणि गुडघे पोटाकडं ओढायला लागले. आखूड दोरी ओळखायची खूण हीच: आपण वाकतो. लांब दोरीची खूण: आपले हात फाकतात. दोरी आपल्याला तिच्या मापाचं करू बघते. गाठ सोडून मी ९४वर आले आणि तिथंच थांबले. मग चौदा इंच कापून टाकले, टोपण लावलं.

आता उडीचं.

गच्चीवर शहाबादी फरशी आहे. पहिल्या आठवड्यात आण्णांनी जेवताना विचारलं, "अगं, वर काय पाटा-वरवंटा पाडतीस का रोज?" त्यांना मी दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. आणि आवाज खोटं बोलत नाही. मशीनचंही तसंच असतं, सुई बोथट झाली की टाका बिघडायच्या आधी आवाज बदलतो. वरून धप्प धप्प येत होतं, म्हणजे मी खूप उंच उडत होते आणि सगळ्या पायावर, टाचेसकट उतरत होते.

दोरी किती जाड असते? बोटाच्या पेराच्या निम्मीही नाही. तिला पायाखालून जायला एक इंच पुरतो. मी सहा-सात इंच उडत होते, कारण दोरीची भीती वाटत होती. भाच्यानं दोरी बाजूला ठेवायला लावली आणि नुसतं जागच्या जागी उडायला सांगितलं. पायाच्या पंज्यावर, गुडघे किंचित मोकळे, ताठ नाहीत आणि दुमडलेलेही नाहीत. टाच जमिनीला चाटून गेली तर चालेल, पण वजन तिच्यावर पडता कामा नये. पोटरी आणि टाचेमागची जाड शीर ही स्प्रिंगसारखी दबते आणि परत उसळते. पुढच्या उडीचा बराचसा जोर तिथूनच येतो. टाचेवर उतरलं की ती स्प्रिंग वापरलीच जात नाही, धक्का थेट नडगीत आणि गुडघ्यात जातो. भिंतीवर माझ्या डोक्याच्या उंचीला खडूची रेघ मारली. उडताना डोकं रेघेच्या दोन बोटंसुद्धा वर जायला नको.

मग दोन्ही मुठी एका हातात धरून दोरी नुसती बाजूला फिरवायची आणि ती जमिनीवर टक वाजली की त्याच क्षणी उडायचं. पायाखाली दोरी नाही, त्यामुळं भीती नाही. वाटलं होतं, हे पोरखेळ आहे. पण हात आणि पाय एका तालात येतात ते इथंच. चार दिवस मी एवढंच केलं, दोन दिवस उजव्या हातात, दोन दिवस डाव्या हातात.

हातांचं सांगायचं तर, दोरी मनगटानं फिरते. खांद्यानं नाही. कोपर बरगडीजवळ, मुठी कमरेच्या उंचीला, अंगाच्या किंचित पुढं, म्हणजे समोर बघतानाही डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतात एवढ्या. पण हे ऐकून कळतं, अंगात येत नाही. त्याला उपाय म्हणून दोन्ही काखांत एकेक नॅपकिनची घडी धरायची. हात फाकला की घडी पडते. माझी उजवीकडची सारखी पडायची. तो माझा कात्रीचा हात, खांद्यातून उचलून काम करायची त्याला सवय. उजवा हात वर आणि डावा खाली राहत असल्यानं दोरी तिरपी फिरायची आणि सारखी एकाच पायात अडकायची. दोरी कधी या तर कधी त्या पायात अडकत असेल तर वेळ चुकतेय. रोज एकाच पायात अडकत असेल तर हात वरखाली आहेत. हे कळायला मला दोन आठवडे लागले.

सगळ्यात हट्टी चूक निराळीच होती. दोरीच्या एका फेऱ्यात मी दोन उड्या मारत होते, एक मोठी दोरीवरून आणि मग दोरी परत येईपर्यंत एक छोटी. शाळेत सगळ्याच मुली अशा मारायच्या, त्यामुळं हे चुकतंय असं वाटतच नव्हतं. भाच्यानं पंधरा सेकंद लावून मोजलं: दोरीचे फेरे अठरा, पाय जमिनीवर आपटले छत्तीस वेळा. म्हणजे मिनिटाला ७२ फेऱ्यांसाठी माझ्या पायांना १४४ धक्के. तो म्हणाला, दोरी जोरात फिरवा. मला वाटलं, आत्ताच जमत नाही, जोरात कशी फिरवू? पण पायमशीन शिकताना हेच होतं. नवी मुलगी भीतीनं पाय अगदी हळू मारते, चाक मध्येच उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. पुरेसा वेग दिला की मशीन सरळ चालतं. दोरी हळू फिरली की वर गेल्यावर तिचा गोल मोडतो आणि मधल्या वेळेत पायांना काही काम नसतं, म्हणून ते जादाची उडी घेतात. मिनिटाला शंभराच्या वर गेलं की त्या जादा उडीला जागाच उरत नाही. मी मोबाइलवर मिनिटाला ११० ठोके देणारी टिकटिक लावली आणि टिकटिकीला एक उडी असं सहा-सहाच उड्यांचे तुकडे केले. सहा झाल्या की थांबायचं, जादाची उडी शिरायच्या आत. मग दहाचे. मग विसाचे. ती सवय मोडायला महिना गेला. त्यानंतर एका संध्याकाळी आण्णा म्हणाले, "आज उड्या मारल्या नाहीस?" मारल्या होत्या.

पण त्या महिन्याच्या आधी एक दुखणं काढलं, ते सांगायलाच हवं. सुरुवातीला जोशात मी रोज पंधरा मिनिटं उडत होते, त्या टणक फरशीवर, उंच आणि दुहेरी. नवव्या दिवशी नडग्यांच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार-पाच बोटं वर, दुखायला लागलं. सुरुवातीला उड्या सुरू करताना दुखायचं आणि अंग तापलं की थांबायचं, म्हणून दुर्लक्ष केलं. नंतर जिना उतरतानाही दुखायला लागलं. दाबून बघितलं तर हाडाच्या कडेनं चांगली वीतभर लांबीत हुळहुळत होतं. डॉक्टर म्हणाले, असं लांबट पट्ट्यात दुखतंय तर हाडाला लागून असलेल्या आवरणावर ताण आलाय, विश्रांतीनं जाईल. एकाच बोटाएवढ्या ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं, रात्री पडल्या जागीही ठणकलं किंवा एका पायावर उडताच येईना, तर हाडाला चीर असू शकते, तेव्हा लगेच या. बारा दिवस दोरीला हात लावला नाही. फक्त चालले.

परत सुरू करताना तीन गोष्टी बदलल्या. एक दिवस आड करून उडायचं, सलग नाही. फरशीवर रबरी मॅट टाकली, व्यायामशाळेत जमिनीवर अंथरतात तसली टणक, अर्ध्या बोटाएवढी जाड. घरातली योगाची पातळ मॅट आधी टाकून बघितली होती, पण ती पायाखाली गोळा होते, दोरी तिच्या कडेत अडकते आणि आठवड्यात तिच्या चिंध्या होतात. आणि तिसरं, अनवाणी सोडून बूट घातले. बूट घेताना दुकानदार टाचेखालची गादी दाखवतो, पण आपण उतरतो पंज्यावर. पंज्याखाली काही आहे का ते अंगठ्यानं दाबून बघायचं. रोज उड्यांआधी जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधरा पंधरा वेळा दोनदा, हेही तेव्हापासून सुरू केलं. पोटऱ्यांना ताकद यायला फुप्फुसांपेक्षा जास्त वेळ लागतो. दम सुधारला म्हणून वेळ वाढवला की पाय मागं राहतात. माझं नेमकं तेच झालं होतं.

बायकांसाठी आणखी एक सांगते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन बाळंतपणं झाल्यावर उडताना लघवीचा थेंब जातो. मला जायचा, आणि लाजेनं मी पहिले काही दिवस त्यामुळंच लवकर थांबायचे. डॉक्टरीणबाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, हे पुष्कळ जणींना होतं आणि सुधारतं. लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळून काही सेकंद धरायचे, सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी ते मशीनवर बसल्या बसल्या करते. उड्या बुटक्या केल्या तेव्हा निम्मा त्रास गेला, उरलेला तीनेक महिन्यांत. तोवर उडण्याआधी लघवीला जाऊन यायचं आणि घट्ट बसणारी आतली कापडं घालायची. ओढणी काढून ठेवायची, वेणी आत खोचायची. लांब मंगळसूत्र दर उडीला हनुवटीवर बसतं, मी ते काढून मशीनच्या खणात ठेवते.

आता दमाचं, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याचं.

दोरी हा हलका व्यायाम नाही. हळू चालून सुरुवात करता येते, तशी हळू उडून करता येत नाही, कारण हळू केली की दोरी फिरतच नाही. पळण्याएवढा जोर पहिल्या मिनिटापासून लागतो. मी पहिल्यांदा सलग एक मिनिट उडले आणि लगेच मनगटावर नाडी धरून पंधरा सेकंद मोजली: ४१. चारनं गुणलं तर मिनिटाला १६४. दोनशे वीसातून वय वजा करायचं, हा ढोबळ नियम लावला तर माझी कमाल १७७. म्हणजे एका मिनिटात मी जवळपास छताला जाऊन टेकले होते. तिथं दहा मिनिटं राहता येत नाही, आणि राहायची गरजही नाही. माझ्यासाठी साधारण १२४ ते १५० हा पट्टा कामाचा. पंधरा सेकंदांत ३१ ते ३७.

त्यावर उपाय म्हणजे तुकडे. दुखणं बरं झाल्यावर मी असं सुरू केलं: पंधरा सेकंद उडायचं, पंचेचाळीस सेकंद गच्चीत हळू चालायचं. हे आठ वेळा, म्हणजे आठ मिनिटं. उडणं त्यात सगळं मिळून फक्त दोन मिनिटं. फार कमी वाटतं, पण शेवटच्या तुकड्यानंतर नाडी ३४-३५ यायची, नेमकी हव्या त्या पट्ट्यात. दोन आठवड्यांनी वीस-चाळीस. मग तीस-तीस. वाढवायचं की नाही हे मी कॅलेंडर बघून ठरवत नव्हते. पुढचा तुकडा सुरू करायच्या आधी नाडी तीसच्या खाली उतरली का, तेवढं बघायचे. उतरली नसेल तर आणखी थोडं चालायचे. सलग तीन वेळा सहज उतरली आणि नडगीत काही नसलं, तर पुढच्या आठवड्यात पाच-दहा सेकंद वाढवायचे. नाडी मोजायचा कंटाळा आला की बोलून बघायचं. चार-पाच शब्दांचं वाक्य तुटकपणे बोलता आलं तर ठीक. एक शब्दही फुटत नसेल तर जास्त झालंय.

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी हे बघून नाडी मोजायला सुरुवात केली तेव्हा मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं. त्या बीपीची गोळी घेतात आणि त्यांची ती गोळी नाडीलाच धरून ठेवते, त्यामुळं वयावरून काढलेला आकडा त्यांना लागू पडत नाही. शिवाय गुडघ्यांमुळं त्यांना उड्या नकोच म्हणाले. त्या आता पुलापर्यंत चालत जातात.

चौथ्या महिन्यात भाच्यानं पाय बदलत उडायला शिकवलं, जागच्या जागी धावल्यासारखं, एका फेऱ्याला एक पाय. ते लवकर शिकवलं नाही ते बरंच झालं, कारण प्रत्येक उतरणं एकाच पायावर असतं. पण पोटऱ्या तयार झाल्यावर त्यात आराम वाटतो. एक पाय काम करतो तोवर दुसरा अर्धा क्षण सुटा असतो. मी आता दोन्ही मिसळते: वीस सेकंद जोडपायानं, वीस सेकंद पाय बदलत, मग वीस सेकंद चालणं. असे बारा तुकडे. उडणं आठ मिनिटं, मिनिटाला साधारण ११०, म्हणजे नऊशेच्या आसपास उड्या. आठवड्यातून चार दिवस. शेवटी एकदम बसत नाही, दोन-तीन मिनिटं चालते, मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणते, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा जरा वाकवून, कारण तिथं दोन स्नायू आहेत आणि एका ताणण्यात दोन्ही ताणले जात नाहीत. पावसाळ्यात पत्र्याखाली उडते. पत्रा डोक्यापासून दोन फूट वर आहे, दोरीला तेवढं पुरतं. खोलीत पंख्याखाली मात्र कधी नाही. फरशी ओली असली की त्या दिवशी दोरी खुंटीवरच.

जिन्याचं सांगायचं राहिलं. या सीझनला सतरा साड्यांचा फॉल-पिकोचा गठ्ठा घेऊन वर आले. मधली पायरी कधी गेली ते लक्षातच आलं नाही.

परवा शेजारची दहा वर्षांची मुलगी नऊ फुटांची तसलीच दोरी घेऊन आली. म्हणाली, काकू, ही माझ्या डोक्याच्या वरून मागं जाऊन पडतेय. तिला दोरीच्या मध्यावर उभं केलं, टोकं वर ओढली तर कपाळाच्या वरच. उंची टेपनं घेतली, चार फूट सहा इंच. ५४ आणि ३६ मिळून ९०. अठरा इंच जादा. ती म्हणाली, कापा. मी निम्मेच कापले, नऊ इंच, दोन्हीकडून साडेचार-साडेचार. उरलेले नऊ मुठींतून वर ओढून गाठ मारली आणि शेपटं मुठींवर दुमडून मशीनच्या जाड दोऱ्यानं घट्ट गुंडाळली. वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवताना शिवणीत माया सोडतो, तशी दोन्ही मुठी मिळून वीतभर सोडली आहे. जूनमध्ये तिला परत मापाला बोलावलंय.